आमच्या गटाचं कैरीचं लोणचं: 100 रुपयांची बाटली 180 वर कशी गेली त्याचा पूर्ण हिशोब

आमचा बचत गट 10 बायकांचा, सातारा जिल्ह्यात कोरेगावच्या बाजूला गाव आहे. मी गटाची सचिव, म्हणजे वही माझ्याकडं असते, मीटिंगचं इतिवृत्त, कुणाचा हप्ता आला कुणाचा राहिला ते सगळं मीच लिहिते. 2023 च्या उन्हाळ्यात आम्ही पहिल्यांदा विकायला लोणचं घातलं, आणि त्याचा भाव ठरवताना आम्ही काय काय विसरलो होतो ते लिहायचं आहे, कारण आजूबाजूच्या चार गटांतल्या बायका मला फोन करून हेच विचारतात की ताई भाव कसा लावायचा, आणि फोनवर ते नीट सांगून होत नाही.

पहिल्या वर्षी भाव कसा ठरला तर मीटिंगमध्ये आक्का (आमच्या अध्यक्ष) म्हणाल्या, बाजारात सुटं लोणचं दोनशे रुपये किलो मिळतंय, आपण पण दोनशे लावू, अर्धा किलोची बाटली शंभरला, सुट्ट्या पैशांची पण कटकट नाही. सगळ्या हो म्हणाल्या, मी पण म्हणाले. एका घाण्याला 20 किलो कैरी घेतली, असे चार घाणे घातले. 20 किलो कैरी धुवून पुसून फोडली, आतली कोय काढली, मीठ-हळद लावून रात्रभर ठेवली, सकाळी सुटलेलं पाणी काढून फोडी फडक्यावर पसरून वाळवल्या की साधारण 12 किलो फोडी हातात राहतात, आणि मग मोहरीची डाळ, तिखट, मेथी, हिंग, मीठ आणि शेंगदाण्याचं तेल पडलं की परत 20 किलोच्या आसपास लोणचं होतं. म्हणजे जेवढी कैरी तेवढं लोणचं, हा आमचा ढोबळ हिशोब अजूनही बसतो.

20 किलोच्या 40 बाटल्या व्हायला पाहिजेत ना, पण प्रत्येक घाण्याला 35 च भरायच्या. कुणाला काही वाटलं नाही, पातेल्याला लागलं असेल, चव बघण्यात गेलं असेल असं म्हणून सोडून दिलं.

सीझन संपल्यावर वही काढली. एका घाण्याला रोख गेलेले पैसे 2690 आणि आलेले 3500, म्हणजे 810 रुपये फायदा, चार घाण्यांचे 3240. दहा जणींत वाटले तर प्रत्येकीला 324 रुपये. मी वाचून दाखवल्यावर सगळ्या खूश झाल्या, टाळ्या पण वाजल्या, आणि तेवढ्यात माझी धाकटी जाऊ, जी कधी मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही, ती म्हणाली, "वैनी, मी दोन दिवस गेले लोणच्याला, तेवढे दोन दिवस खुरपायला गेले असते तर सहाशे मिळाले असते की." सगळ्या गप्प झाल्या. मला पण काही बोलता येईना कारण ती खरं बोलत होती, आमच्याकडं त्या वेळी खुरपणीचा रोज 300 होता.

पुढच्या आठवड्यात सीआरपी ताई आल्या (उमेद अभियानाच्या त्या आमच्या भागात गटांचं काम बघतात), त्यांनी वही बघितली आणि एकच प्रश्न विचारला, तिखट कुठं लिहिलंय? तिखट लिहिलंच नव्हतं, कारण तिखट आक्कांच्या घरच्या मिरच्यांचं होतं, हळद सासूबाईंनी दिलेली, मेथी आणि मीठ कुणाच्या ना कुणाच्या डब्यातलं, गॅस ज्या घरी घातलं त्या घरचा. घरातून आलं ते फुकट, हे आमच्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की ते खर्च आहे हे सुचतच नाही. सीआरपी ताई म्हणाल्या, उद्या आक्का म्हणाल्या की यंदा मिरची झाली नाही, तर तुम्ही काय करणार, विकतच आणणार ना, मग तोच भाव लिहा. लिहिला. घरच्या वस्तू आणि गॅस मिळून घाण्याला 665 रुपये निघाले. 810 मधून 665 गेले की राहिले 145. आणि त्या 145 साठी पाच जणींचा एकेक पूर्ण दिवस गेलेला, निवडणं, धुणं, फोडणं, मसाला भाजणं, कालवणं, भरणं, सगळं धरून पाच रोज. म्हणजे एकीला दिवसाचे 29 रुपये पडले. हा आकडा मी वहीत लाल पेनानं लिहून ठेवलाय, अजून आहे.

आता त्या 35 बाटल्यांची गोष्ट. सीआरपी ताईंनी आमच्याकडं उरलेली एक भरलेली बाटली वाण्याच्या काट्यावर ठेवायला सांगितली. भरलेली 592 ग्रॅम आली, तसलीच रिकामी बाटली झाकणासकट 32 ग्रॅम. म्हणजे आत 560 ग्रॅम लोणचं. बाटली विकत घेताना दुकानदार म्हणाला होता ही अर्धा किलोची, पण तो म्हणत होता ती 500 मिलीची, पाण्याच्या मापाची, आणि लोणच्यात मीठ, मसाला, मोहरीची डाळ असल्यानं ते पाण्यापेक्षा जड भरतं. आम्ही गळ्यापर्यंत भरत होतो, कमी दिसायला नको म्हणून, आणि प्रत्येक बाटलीमागं 60 ग्रॅम फुकट देत होतो. चार घाण्यांच्या 140 बाटल्या झाल्या होत्या, म्हणजे 8 किलोच्या वर लोणचं कुणाच्या लक्षातही न येता गेलं. पाच बाटल्या कमी का भरतात याचं उत्तर तिथं मिळालं. तेव्हापासून नियम असा केला की बाटली काट्यावर ठेवायची, काटा शून्यावर आणायचा आणि 500 झाले की हात थांबवायचा, डोळ्याला कितीही रिकामी वाटू दे. (आक्कांना पहिले दोन दिवस फार जड गेलं, त्या म्हणायच्या बाटली उपाशी दिसतीय. मग आम्ही थोडी बुटकी बाटली शोधली जी 500 ग्रॅमला बरोबर गळ्यापर्यंत येते, तिचा पण भाव तोच, 12 रुपये.)

2024 ला कैऱ्या यायच्या आधीच बसून हिशोब मांडला. एका घाण्याचा असा:

कैरी 40 रुपयांनी 800, तेल 4 लिटर 760, तिखट 420, मोहरीची डाळ 360, हिंग 150, आणि मीठ हळद मेथी मिळून 145, हे झाले 2635. गॅस 100, जाण्यायेण्याचे 200, पाच जणींचा रोज 1500. बाटल्या 38 धरल्या, 40 नाही, कारण एक किलो चव दाखवण्यात आणि भांड्यांना लागण्यात जातंच, ते आधीच सोडून दिलेलं बरं. 38 बाटल्यांचे 456, लेबल आणि झाकणाखालचं सील 3 रुपयांनी 114. सगळे मिळून 5005, भागिले 38, म्हणजे एक बाटली 132 रुपयांना पडते. आणि आम्ही ती शंभरला विकत होतो.

132 आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा मीटिंगमध्ये चांगलंच वाजलं. अर्ध्या जणी म्हणाल्या रोज काढून टाका, आपण काय कुणाच्या बांधावर मजुरीला गेलोय का, आपल्या गटाचं काम आहे. मला हे आजही पटत नाही. रोज काढला तर बाटली 92-93 वर येते आणि शंभरला विकलेली फायद्यात दिसते, पण तो फायदा म्हणजे आमचीच मजुरी दुसऱ्या नावानं परत आलेली असते. शिवाय उद्या मागणी वाढली आणि बाहेरच्या दोन बायका कामाला घ्यायची वेळ आली तर त्यांना रोज द्यावाच लागेल, त्या दिवशी भाव एकदम कसा वाढवणार? शेवटी ठरलं की जी येईल तिला त्याच आठवड्यात रोज 300 हातात द्यायचा, वहीत सही घ्यायची, आणि नफा वेगळा. ज्या जणी घाण्याला येत नव्हत्या त्यांना पण हे बरं वाटलं, कारण आधी येणारी आणि न येणारी दोघींना सारखंच मिळायचं आणि त्यावरून कुरबुर व्हायची.

मग विकायचा भाव. दुकानदार छापील किमतीवर 20 टक्के मागतो, हे तालुक्यातल्या तीन दुकानांत विचारून आलो. इथं एक गोष्ट आधी चुकत होती, आम्ही 132 वर 20 टक्के चढवत होतो, म्हणजे 158, पण दुकानदार 158 चे 20 टक्के काढून घेतो, मग आपल्या हातात 126 येतात, म्हणजे बाटली आपल्याला पडते त्या 132 च्या पण खाली. टक्के कशावर धरायचे हे कळायला आम्हाला एक पूर्ण दुपार लागली. उलट्या बाजूनं जायचं, आपल्या हातात किती यायला पाहिजेत ते आधी ठरवायचं, आणि ती रक्कम छापील किमतीच्या 80 टक्के येईल अशी किंमत काढायची. आम्हाला बाटलीमागं दहा-बारा रुपये तरी सुटायला हवे होते, म्हणून 144 हातात, छापील किंमत 180, दुकानदाराला 36.

मग प्रश्न आला की आपण स्वतः स्टॉलवर विकतो तेव्हा तर दुकानदार नसतो, तिथं 150 ला देऊ. दिलं नाही. आपणच पलीकडं स्वस्त विकायला लागलो तर आपलं लोणचं ठेवणारा दुकानदार कशाला ठेवेल, आणि स्टॉलवर उभं राहणं हे पण कामच आहे. (या कामाचा मोबदला धरायला आम्ही तरीही विसरलो, ते पुढं येतं.) सगळीकडं 180 च.

सुपारीएवढी भीती पोटात होती की 180 ला कोण घेणार, कारण दुकानात कंपनीचं लोणचं याच्यापेक्षा स्वस्त मिळतं. कंपनी टनावारी कैरी घेते, तिच्याशी भावात आपण कधीच जिंकणार नाही, मग जो माणूस फक्त भाव बघतो तो आपलं गिऱ्हाईकच नाही. गावात तर लोणचं विकत घेतंय कोण, प्रत्येक घरात बरणी असते. आपलं गिऱ्हाईक म्हणजे पुण्यात-साताऱ्यात नोकरी करणारं घर, जिथं आईच्या हातचं लोणचं यायचं बंद झालंय.

पहिलं लेबल आम्ही छापलं होतं त्यावर मोठ्या अक्षरात घरगुती चव असं लिहिलं होतं. पुण्यात एका सोसायटीत रविवारी टेबल लावायची परवानगी मिळाली, तिथं कळलं की घरगुती चव तर प्रत्येक स्टॉलवर लिहिलेलं असतं, कुणी वाचत पण नाही. लोक एकच विचारत होते, तेल कुठलं? शेंगदाण्याचं म्हटलं की माणूस थांबायचा. दुसऱ्या रविवारी पुठ्ठ्यावर मार्करनं लिहून नेलं, "शेंगदाणा तेलातलं, गावठी कैरीचं, व्हिनेगर नाही", आणि चमच्यावर चव द्यायच्या ऐवजी घरून चपात्या नेल्या, छोटा तुकडा करून त्यावर फोडीचा कपटा आणि खार. चमच्यानं नुसतं लोणचं खाल्लं की खारट लागतं, माणूस तोंड वाकडं करून पुढं जातो, चपातीबरोबर खाल्लं की तो दुसरा तुकडा मागतो. पहिल्या रविवारी 13 बाटल्या गेल्या होत्या, दुसऱ्या रविवारी 31. नंतरच्या लेबलावर तेलाचं नाव वर आणि मोठं घेतलं.

लेबलावर कायद्यानं लागणाऱ्या गोष्टी पण त्याच वेळी नीट केल्या. अन्न सुरक्षेची साधी नोंदणी त्या वेळी, म्हणजे 2024 ला, वर्षाला 12 लाखांच्या आत उलाढाल असेल त्यांच्यासाठी होती, आम्हाला वर्षाचे 100 रुपये लागले, ऑनलाइन झाली, 14 आकडी नंबर मिळतो तो छापायचा. निव्वळ वजन, किंमत, भरल्याची तारीख, कधीपर्यंत चांगलं राहील, काय काय घातलंय, पत्ता, फोन, हिरवा ठिपका. आणि घाण्याचा नंबर, तो आम्ही सुरुवातीला कंटाळा करून सोडला असता, पण सीआरपी ताई अडून बसल्या, आणि त्याच नंबरानं आम्हाला वाचवलं.

जुलैमध्ये एका दुकानदाराचा फोन आला, बाटलीवर पांढरं आलंय. दोन दिवसांत अजून दोघांचे फोन आले. पोटात गोळाच आला. सगळ्यांना बाटलीवरचा नंबर विचारला, सगळ्यांचा एकच, घाणा 4. त्या घाण्याच्या बाटल्या दुकानांतून परत मागवल्या, ज्यांनी घेतल्या त्यांना बदलून दिल्या, 11 बाटल्या गेल्या. मग एक बाटली सगळ्या मिळून उजेडात धरून बघितली. तळाशी लोणचं एकदम ठीक, वरच्या दोन फोडी तेलाच्या बाहेर डोकं काढून होत्या आणि बुरा फक्त त्यांच्यावर होता. बाटलीचा गळा बाहेरून तेलकट, लेबलाचा कोपरा पण तेलानं भिजलेला. म्हणजे तेल झाकणातून पाझरून बाहेर गेलं होतं, एसटीत बाटल्या आडव्या ठेवल्या होत्या. घाणा 4 ला सील संपली होती म्हणून नुसती झाकणं घट्ट लावून दिली होती, तेवढ्या घाण्यापुरतं चालतंय म्हणून. तेल खाली गेलं, फोड उघडी पडली, वर पावसाळी हवा.

तेव्हापासून दोन गोष्टी पाळतो. सीलशिवाय एकही बाटली घराबाहेर जात नाही, सील संपली तर भरणं थांबतं. आणि लोणचं कालवलं की लगेच बाटलीत भरत नाही, आठ-दहा दिवस चिनीमातीच्या बरणीत मुरू देतो, कारण मुरताना फोडी आणि मोहरीची डाळ तेल ओढून घेतात आणि वरचा थर खाली जातो, आधीच भरलं तर दहा दिवसांनी प्रत्येक बाटली वरून कोरडी पडते. मुरल्यावर भरायचं, वरून गरम करून पूर्ण गार केलेलं तेल बोटभर राहील एवढं घालायचं. हे वरचं तेल त्या 4 लिटरमधूनच मागं काढून ठेवतो म्हणजे हिशोब बदलत नाही.

दुकानदारांकडून पैसे निघणं हा वेगळाच विषय. सगळे म्हणतात विकलं की देतो. सुरुवातीला एका दुकानात 30 बाटल्या ठेवल्या आणि दिवाळीपर्यंत पैशासाठी फेऱ्या मारल्या. आता नवीन दुकानात 12 च ठेवतो, त्यांचे पैसे आले की पुढच्या 12. आमच्यासारख्यांना हे फार महत्त्वाचं आहे कारण कैरी सगळी एप्रिल-मे मध्ये घ्यावी लागते, पहिला मोठा पाऊस झाला की कैरी मऊ पडायला लागते, फोड कडक राहत नाही, म्हणजे पैसे दोन महिन्यांत जातात आणि यायला वर्ष लागतं. आम्ही गटातूनच 15 हजार उचलले होते, शेकडा 1 रुपया महिन्याला, पाच महिन्यांचं व्याज 750 झालं, आणि ते 132 मध्ये कुठंच नव्हतं.

2024 चा शेवट असा झाला. सहा घाणे, 228 बाटल्या. 112 आम्ही स्वतः विकल्या, 96 दुकानांतून, 11 बदलून देण्यात गेल्या, 9 शिल्लक. आले 33,984. सगळ्या बाटल्यांचा खर्च 132 नं 30,096, व्याज 750, राहिले 3138. 30 रोजांचे 9000 बायकांच्या हातात आधीच गेलेले होते, ते वेगळे. आक्का म्हणाल्या झालं की मग, चांगलं झालं.

जाऊ परत बोलली. यावेळी तिनं आधीच बोटं मोजलेली होती. तालुक्याच्या प्रदर्शनाचे दोन दिवस आणि पुण्याचे दोन रविवार, प्रत्येक वेळी दोघीजणी, म्हणजे आठ रोज, ते कुणी लिहिले? एसटीत बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळं प्रवास त्या घाण्यामागच्या 200 मध्ये जेमतेम बसला होता, पण सकाळी पाचला निघून रात्री नऊला परत येणाऱ्या दोघींचा रोज कुठंच नव्हता. आठ रोजांचे 2400 काढले. राहिले 738.

ते 2400 त्याच मीटिंगमध्ये ज्या ज्या गेल्या होत्या त्यांना दिले, सह्या घेतल्या. मग 2025 च्या भावावर दोन मीटिंगा गेल्या. एक बाजू म्हणत होती 180 ला गिऱ्हाईक आत्ता कुठं ओळखायला लागलंय, हात लावू नका, घाणा 20 च्या जागी 40 किलोचा करा, दहा रोजांचं काम आठात होतं. दुसरी बाजू म्हणत होती मोठा घाणा बिघडला तर 11 नाही 70 बाटल्या जातील. मी दुसऱ्या बाजूला होते. शेवटी घाणा 20 चाच ठेवला, छापील किंमत 190 केली, म्हणजे दुकानातून 152 येतात, आणि वहीत दोन नवीन रकाने आखले, एक व्याजाचा आणि एक स्टॉलच्या रोजाचा. स्टॉलचा रकाना भरायचं काम जावेकडं दिलंय.